जिमच्या सभासदांना पाठवायचं पत्र: मुदत संपत आल्याचे आपोआप जाणारे मेसेज आणि ते बंद कसे करायचे. जरा वाचून सांगाल का?

तालीमवाली

सांगलीत माझी जिम आहे, अकरा वर्षं झाली. सध्या ३४० सभासद आहेत. आतापर्यंत कोणाची मुदत कधी संपते ते काउंटरवरच्या वहीत लिहिलेलं असायचं आणि आमची रिसेप्शनवरची मुलगी रोज संध्याकाळी बसून पाच-सहा जणांना फोन करायची. आता सॉफ्टवेअर घेतलंय, तेच मेसेज पाठवणार आहे. लोकांना अचानक यंत्राचे मेसेज यायला लागण्याआधी मी सगळ्यांना एक पत्र देणार आहे. मसुदा खाली देते. माझ्याकडे पहाटे येणारे दूधवाले आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि सत्तरीच्या आसपासच्या बायकाही आहेत. सगळ्यांना कळलं पाहिजे.

> प्रिय सभासद,
> दिनांक १ पासून सभासदत्वाच्या नूतनीकरणाची स्मरणपत्रे स्वयंचलित पद्धतीने पाठविली जातील. आपल्या सभासदत्वाची मुदत संपुष्टात येण्याच्या ७ दिवस आधी, ३ दिवस आधी, त्याच दिवशी व ३ दिवसांनंतर आपणांस एसएमएस व व्हॉट्सॲप संदेश प्राप्त होतील. सोबत चालू सवलतींची माहितीही मिळेल. संदेश नको असल्यास आलेल्या संदेशास STOP असे उत्तर पाठवावे. सहकार्याबद्दल धन्यवाद.

काही राहिलंय का? काही चुकलंय का? मनापासून सांगा.

---

शब्दवेल्हाळ

ताई, पत्र पाठवताय हेच फार चांगलं आहे. आमच्या जिमने न सांगताच मेसेज सुरू केले होते.

भाषेबद्दल एवढंच सांगते की हे पत्र महापालिकेच्या नोटिशीसारखं वाटतंय. तुम्ही काउंटरवर "काकू, तुमची मुदत चौदा तारखेला संपतेय हं" असं बोलत असणार. तसंच लिहा. 'नूतनीकरण' हा शब्द दूधवाला कधी वापरत नाही, तो म्हणतो "पुढचे पैसे भरायचेत". 'स्मरणपत्र' म्हटलं की वकिलाचं काहीतरी आलं असं वाटतं. 'आठवण' पुरेल. 'मेंबरशिप' आणि 'मेसेज' हे शब्द सगळ्यांना कळतात, ते बिनधास्त वापरा.

---

संदेशवाहक

मी नऊ वर्षं बल्क एसएमएसच्या कामात आहे. भाषेचं शब्दवेल्हाळ यांनी सांगितलं, ते पटलं. पण या पत्रात एक वाक्य असं आहे की ते तसंच गेलं तर तुमच्यावरचा लोकांचा विश्वास जाईल. "आलेल्या संदेशास STOP असे उत्तर पाठवावे" हे ते वाक्य.

तुमचा एसएमएस दहा आकडी नंबरवरून जाणार नाही. तो सहा अक्षरी हेडरवरून जाईल, बँकेचे येतात तसा. त्या हेडरला उत्तर पाठवता येत नाही. माणूस STOP टाइप करेल, फोन म्हणेल पाठवता येत नाही, किंवा मेसेज जाईल आणि कुठेच पोचणार नाही. त्याला मात्र वाटेल की आपण बंद केलंय. चार दिवसांनी पुन्हा मेसेज आला की तो काउंटरवर येऊन म्हणेल, "तुम्हीच लिहिलं होतंत ना?" आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

आता व्हॉट्सॲपचं. तुम्ही फोनमधलं साधं बिझनेस ॲप वापरताय की सॉफ्टवेअरवाल्यांनी एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून थेट व्हॉट्सॲप पाठवायची जोडणी, करून दिलीय? साध्या ॲपमध्ये कोणी STOP लिहिलं तर ॲप स्वतःहून काहीच करत नाही. तो एक साधा चॅट असतो. तुमच्या मुलीने तो वाचून यादीतून नाव काढलं तरच तो बंद होतो. एपीआय असेल तर सॉफ्टवेअर तो शब्द ओळखू शकतं, पण तशी सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू केलेली आहे का ते विचारावं लागेल. आणि ओळखतं ते नेमका कुठला शब्द? लोक 'नको', 'बंद करा', 'stop', 'थांबवा' असं काहीही लिहितात.

---

तालीमवाली

अरे देवा. सॉफ्टवेअरवाल्याने मला "STOP लिहा असं सांगा" असंच सांगितलं होतं. एसएमएसला उत्तर जात नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. व्हॉट्सॲप एपीआयवर आहे. उद्या विचारते.

---

पहाटपाळी

एवढं कशाला करायचं? ज्याला मेसेज नको त्याने 1909 वर `START 0` पाठवायचं. डीएनडी लागतं, सगळे व्यावसायिक मेसेज बंद. मी तीन वर्षांपूर्वी केलंय. पत्रात तेवढी एक ओळ टाका.

---

संदेशवाहक

पहाटपाळी, 1909 आणि `START 0` दोन्ही बरोबर. पण त्याने जाहिरातीचे मेसेज थांबतात. ज्या दुकानाशी, बँकेशी किंवा जिमशी तुमचा व्यवहार चालू आहे तिथून येणारे सेवेचे मेसेज डीएनडी असलं तरी येतात. नाहीतर डीएनडीवाल्या माणसाला बँकेचे मेसेजच मिळाले नसते. तुमची मुदत संपतेय ही आठवण सेवेच्या मेसेजमध्येच मोडते, म्हणून ती येतच राहणार. ती थांबवण्याचं काम जिमचंच आहे, ते 1909 वर ढकलता येत नाही. आणि 1909 वर पाठवलं तर त्या माणसाचे बाकी सगळीकडचे ऑफरचे मेसेजही बंद होतील. कदाचित त्याला ते हवे असतील.

मेसेज कुठल्या प्रकारचा ते सभासदालाही ओळखता येतं. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर येतं. -S असेल तर सेवेचा, -P असेल तर जाहिरातीचा. ताई, तुमच्या पत्रात हे लिहिलंत तर लोकांना उपयोग होईल.

यातूनच माझी दुसरी हरकत निघते. मसुद्यात "सोबत चालू सवलतींची माहितीही मिळेल" असं आहे. ते वाक्य काढा, आणि मेसेजमधूनही सवलत काढा. "तुमची मुदत १४ ला संपते" हा सेवेचा मेसेज झाला. "तुमची मुदत १४ ला संपते, आजच भरा आणि १० टक्के सूट मिळवा" ही जाहिरात झाली. एसएमएसचं टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, सेवेचं म्हणून नोंदवून त्यात सूट घातली तर ते नामंजूर होऊ शकतं, किंवा तक्रार झाली तर हेडर अडचणीत येतो. व्हॉट्सॲपवरही तेच. तिथे मेटा, म्हणजे व्हॉट्सॲपची मालक कंपनी, टेम्प्लेट तपासतं. सवलतीचा उल्लेख दिसला की सेवेच्या म्हणजे 'युटिलिटी' गटातून उचलून जाहिरातीच्या म्हणजे 'मार्केटिंग' गटात टाकतं, आणि मार्केटिंगचा दर युटिलिटीच्या कितीतरी पट असतो. एका वाक्यापायी तुमचा खर्च वाढतो, आणि ज्याला फक्त आठवण हवी होती त्यालाही जाहिरात गळ्यात पडते.

---

पहाटपाळी

हे माहीत नव्हतं. आताच फोन बघितला. गॅसवाल्याचा मेसेज -S आहे आणि एका फर्निचरवाल्याचा -P. डीएनडी असूनही -P आलाच कसा?

---

संदेशवाहक

त्याला तुम्ही कधीतरी बिल करताना संमती दिली असेल तर तो पाठवू शकतो. दिली नसेल तर 1909 वर तक्रार करता येते. पण तो वेगळा धागा होईल.

---

कल्याणकर

मी इथे माझं लिहू का? मी गेल्या वर्षी एका जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि दोन महिन्यांत माझी बदली झाली. पैसे परत मागितले तर म्हणाले, नियमात नाही. आणि आता वर्ष संपल्यावर रोज मेसेज येतोय, "आम्ही तुमची आठवण काढतोय, परत या." पैसे परत देत नाहीत आणि वर आठवण काढतात. मला खूप मनस्ताप झालाय. या अशा मेसेजांवर बंदीच पाहिजे.

---

तालीमवाली

कल्याणकर, तुमचा राग अगदी समजू शकते. पैसे परत देण्याचा प्रश्न या पत्रात नाहीये, त्यावर मी इथे काही बोलले तर अर्धवट होईल. पण तुमच्या लिहिण्यातून मला एक गोष्ट लागली. माझ्या यादीतही मुदत संपून गेलेले, न परतलेले जवळपास शंभर जण आहेत. हे सॉफ्टवेअर त्यांनाही धरणार आहे का? मी ते बघितलंच नव्हतं.

आताच बघून आले. 'संपल्यानंतर' असा एक रकाना आहे. त्यात ३, १०, ३० असे तीन दिवस आधीपासूनच टिक केलेले होते. मी फक्त ३ समजत होते. १० आणि ३० आत्ता काढले.

---

हिशेबनीस

मी बँकेतून निवृत्त झालो. जिमला नेमाने जातो. दर महिन्याला यूपीआय ऑटोपेने पैसे जातात. ताईंना एक विचारतो, तुमच्याकडे ऑटोपेवाले सभासद आहेत का? असतील तर हे पत्र त्यांना गोंधळात पाडेल.

माझ्या शेजाऱ्याचं सांगतो. त्याच्या जिमने अशीच "संदेश बंद करण्यासाठी" एक लिंक दिली. त्याला महिनाभर गावाला जायचं होतं, जिम नको होती. त्याने लिंकवर जाऊन 'बंद' केलं आणि निश्चिंत झाला. पाच तारखेला खात्यातून १,२०० रुपये गेले. त्याने मेसेज बंद केले होते, मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची दिलेली परवानगी, नव्हतं केलं. त्याला वाटलं दोन्ही एकच. आणि मेसेज बंद असल्यामुळे जिमकडून आठवणही आली नाही.

खरं तर ऑटोपेच्या वजावटीची आगाऊ सूचना निदान २४ तास आधी द्यावीच लागते, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती त्याला आली होती. पण वीस मेसेजांच्या गर्दीत त्याने उघडली नाही. मँडेट रद्द करायचं तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे या भागात जाऊन त्या जिमचं मँडेट उघडायचं आणि रद्द करायचं. तेही वजावटीच्या आदल्या दिवसापर्यंत उरकलेलं बरं. जिमचा नंबर ब्लॉक करून काही होत नाही.

---

तालीमवाली

ऑटोपेवाले ४१ जण आहेत. तुमचं म्हणणं पत्रात ठळक जाईल. काका, फार आभारी आहे. हे माझ्याकडे घडलं असतं तर त्या माणसाने मला लबाड म्हटलं असतं.

---

सत्तरीतली_पोर

ताई, मी तुमच्या त्या सत्तरीच्या बायकांपैकी एकीसारखीच आहे, फक्त गाव वेगळं. मला हे मेसेज हवेत. मला तारीख लक्षात राहत नाही. पण जिममध्ये भरलेला नंबर माझ्या मुलाचा आहे, कारण नाव घालायला गेले तेव्हा माझा फोन बिघडला होता. मुलगा पुण्यात असतो. त्याला मेसेज येतो, तो कामात विसरतो. मग मी दारावर कार्ड लावते आणि यंत्र लाल दिवा दाखवतं, सगळ्यांसमोर. मागे दोनदा झालं. मला फार ओशाळल्यासारखं होतं.

तुमच्या पत्रात "नंबर बदलून हवा असेल तर" असं एक वाक्य घाला. बंद करायचं सगळे सांगतात, पण नीट पोचायला काय करायचं ते कुणी सांगत नाही.

---

संदेशवाहक

आजींनी फार मोलाचं सांगितलं. यालाच जोडून एक तपासा, ताई. सॉफ्टवेअरमध्ये 'मेसेज नको' ही खूण सभासदाला लागते की मोबाइल नंबराला? बऱ्याच ठिकाणी ती नंबराला लागते.

---

तालीमवाली

बघितलं. नंबरालाच लागते.

आणि त्यामुळे एक प्रकार आधीच घडून गेलाय हेही आत्ता कळलं. गेल्या आठवड्यात चाचणी म्हणून दहा-बारा जणांना चालू केलं होतं. त्यात एक घर आहे. नवरा, बायको आणि मुलगा, तिघेही सभासद, तिघांचा नंबर एकच, नवऱ्याचा. मुलाची मुदत संपत होती, तो परीक्षेमुळे येणार नव्हता. वडिलांनी व्हॉट्सॲपवर 'stop' लिहिलं. सॉफ्टवेअरने ते ओळखलं आणि त्या नंबरावरचे सगळे मेसेज थांबवले. त्यात बायकोचा पैसे भरल्याचा मेसेजही थांबला. तिने ६,००० रुपये भरले, पावतीचा मेसेज आला नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी विचारायला आली. मला वाटलं नेटवर्कचा घोळ असेल. ते नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्याशी अर्धा तास बोलले. तो म्हणतो, सभासदानुसार खूण करता येते, पण ती हाताने, प्रत्येकाच्या पानावर जाऊन. व्हॉट्सॲपवर STOP आलं तर मात्र पूर्ण नंबर थांबतो, ते बदलता येत नाही.

---

संदेशवाहक

मग STOP हा मार्ग पत्रातून काढाच. बाकी काही नाही तरी पावतीचा मेसेज कधीही बंद होता कामा नये, कारण सभासदाच्या हातात पुरावा तोच राहतो. 'आठवण' आणि 'पावती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पत्रात पहिल्यांदा सांगा, मग बंद कसं करायचं ते.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हाच विचार आहे की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती काढून घेता आली पाहिजे. तुमच्याकडे संमती कशी घेता? काउंटरवरच्या फॉर्मवर सही घेऊन ना? मग बंद करायची सोयही काउंटरवरच ठेवा. एक छोटा कागद, त्यावर तीन चौकोन. ज्याला घरबसल्या करायचं त्याला जिमच्या फोनवर एक कॉल किंवा व्हॉट्सॲपवर साध्या भाषेत निरोप. तो माणूस वाचेल आणि त्या सभासदाच्या पानावर खूण करेल. सुरुवातीला कष्ट पडतील, पण ३४० सभासदांमध्ये हे सहज झेपतं.

---

कल्याणकर

आणि बंद केल्यावर "बंद केलं" असा एक निरोप जाऊ दे. मी त्या जिमला तीनदा सांगितलं, एकदाही "हो, केलं" असं कोणी म्हणालं नाही.

---

तालीमवाली

लिहून घेतलं. आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, म्हणजे अशी जिम चालवणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

चाचणीत मेसेजची वेळ मी सकाळी ६ ठेवली होती, कारण पहिली पाळी तेव्हा सुरू होते. एका दूधवाल्याने आदल्या रात्री पावणेदहाला रोख पैसे भरले. मुलगी घरी जायच्या गडबडीत होती, तिने वहीत लिहिलं आणि सॉफ्टवेअरमध्ये सकाळी नऊला घातलं. सहा वाजता त्याला मेसेज, "तुमची मुदत आज संपते." तो सहा-दहाला दारात उभा, हातात फोन. "ताई, काल पैसे घेतलेत ना?" मला त्याच्याकडे बघवेना. आता वेळ सकाळी ११ ठेवलीय, आणि सकाळच्या पाळीच्या पावत्या साडेदहापर्यंत चढवायच्याच असा नियम केलाय.

दुसरं, 'फ्रीज', म्हणजे मुदत मध्येच काही दिवस थांबवून पुढे ढकलणं. एका मुलीचं तीन महिन्यांचं पॅकेज १५ जानेवारी ते १४ एप्रिल असं होतं. गुडघा दुखावला, २० दिवस फ्रीज दिलं, म्हणजे नवी तारीख ४ मे. सॉफ्टवेअरने तारीख बदलली, पण मेसेज आधीच रांगेत लावलेले होते. ते जुन्या तारखेवरच राहिले. ती रांग मी बघितली म्हणून कळलं, नाहीतर ७ एप्रिलला तिला "सात दिवस राहिले" असं गेलं असतं. फ्रीज केल्यावर आता त्या सभासदाची रांग पुसून पुन्हा लावावी लागते.

---

शब्दवेल्हाळ

ताई, मग मेसेजमध्येच "पैसे भरले असतील तर दुर्लक्ष करा" असं का नाही घालत?

---

संदेशवाहक

एसएमएसमध्ये त्याची किंमत मोजावी लागते. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा असतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. हे बघा:

```
नमस्कार, तुमची जिमची मुदत १४ मार्चला संपते.
```

मोजलं तर ४३. एका मेसेजमध्ये बसतं. आता पुढे हे जोडा:

```
पैसे भरले असतील तर या संदेशाकडे दुर्लक्ष करा.
```

हे ४५. मधली मोकळी जागा धरून एकूण ८९. म्हणजे दोन मेसेजचे पैसे. शिवाय जिमचं नाव घालायचंय. त्यामुळे मी म्हणेन, एसएमएस नेमका ठेवा आणि दुर्लक्ष करायचं वाक्य व्हॉट्सॲपवर घाला, तिथे अक्षरांची अशी ओढाताण नाही. पण खरा उपाय तुम्ही केलाय तोच, पावती आधी चढवणं.

---

शब्दवेल्हाळ

मग 'नमस्कार' काढून त्या जागी जिमचं नाव घाला. मोजकं लिहिण्यात मलाही आनंद आहे.

---

तालीमवाली

नवा मसुदा. सगळ्यांचं ऐकून रात्री बसून लिहिला.

> नमस्कार,
>
> १ तारखेपासून तुमची मुदत संपत आली की फोनवर मेसेज येईल. आतापर्यंत आम्ही फोन करायचो, आता हे काम कॉम्प्युटर करणार आहे. मुदत संपायच्या ७ दिवस आधी, ३ दिवस आधी आणि संपायच्या दिवशी, असे तीन मेसेज, सकाळी ११ वाजता. त्यात फक्त तारीख आणि रक्कम असेल. जाहिरात किंवा ऑफर असणार नाही. आमचा एसएमएस ज्या नावाने येतो त्याच्या शेवटी -S असतं. दुसऱ्या कुठल्या नंबरवरून जिमच्या नावाने पैसे मागितले तर भरू नका, आम्हाला विचारा.
>
> आठवण नको असेल तर काउंटरवर सांगा किंवा जिमच्या नंबरवर फोन करा किंवा व्हॉट्सॲपवर तुमचं नाव लिहून "आठवण नको" असं कळवा. एसएमएसला उत्तर पाठवू नका, ते आमच्यापर्यंत पोचत नाही. बंद केल्यावर आम्ही तसं कळवू. तीन मेसेजऐवजी एकच हवा असेल, किंवा फक्त एसएमएस किंवा फक्त व्हॉट्सॲप हवं असेल, तर तेही सांगा. पुन्हा चालू करायचं असेल तरी हाच मार्ग.
>
> घरातल्या दोघा-तिघांचा नंबर एकच असेल तर कुणाचे मेसेज बंद करायचे ते नावानिशी सांगा. मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जात असतील आणि तुमच्या फोनवर हवे असतील तर नंबर बदलून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.
>
> पैसे भरल्याची पावती मात्र प्रत्येकाला येणारच, ती बंद होत नाही. पैसे भरून एका दिवसात पावती आली नाही तर लगेच विचारा.
>
> ज्यांचे पैसे दर महिन्याला ऑटोपेने जातात त्यांच्यासाठी: आठवणीचा मेसेज बंद केला म्हणून पैसे जाणं थांबत नाही. थांबवायचं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे रद्द करा, आणि आम्हालाही सांगा. जमत नसेल तर फोन घेऊन काउंटरवर या, आम्ही शेजारी बसून दाखवू. पिन मात्र तुम्हीच टाकायचा, आम्हाला सांगायचा नाही.

---

हिशेबनीस

पिनचं वाक्य घातलंत ते फार योग्य. ऑटोपेचा परिच्छेद मात्र त्या ४१ जणांना वेगळाही द्या. लांब पत्राच्या शेवटापर्यंत सगळे जात नाहीत, माझा शेजारी तर नक्कीच गेला नसता.

---

सत्तरीतली_पोर

माझ्यासारख्यांसाठी कागदावर मोठ्या अक्षरात छापा, ताई. आणि नंबर बदलायचं वाक्य तुम्ही घातलंत, बरं वाटलं. उद्या मी आमच्या जिममध्ये जाऊन माझा नंबर लावून घेते.

---

पहाटपाळी

मुदत संपल्यानंतर ३ दिवसांनी जाणारा मेसेज तुम्ही पूर्णच काढलात? मला तो हवा असतो. मी ट्रकच्या धंद्यात आहे, आठवडा आठवडा बाहेर असतो. परत आल्यावर तोच मेसेज दिसतो. आधीचे तीन मला उपयोगी पडत नाहीत.

---

संदेशवाहक

मला तो ठेवायला हरकत वाटत नाही. मुदत संपून तीनच दिवस झालेत, माणूस अजून तुमचाच सभासद आहे.

---

कल्याणकर

मला हरकत वाटते. ज्याने सोडलंय त्याच्या मागे लागल्यासारखं होतं. त्याने काही कळवलं नसेल तरी न येणं हेच त्याचं उत्तर असतं.

---

तालीमवाली

यावर माझं मन अजून ठरत नाहीये. दोघांचंही पटतं. सध्या तो बंद ठेवते आणि काउंटरवरच्या कागदावर चौथा चौकोन काढते: "मुदत संपल्यावर ३ दिवसांनी एक आठवण हवी". ज्याने टिक केली त्यालाच जाईल. पहाटपाळींसारखे किती जण टिक करतात ते महिन्याभरात कळेल, इथे येऊन सांगेन.

शनिवारी पाच नंबरांवर चाचणी घेणार आहे. माझा, रिसेप्शनच्या मुलीचा, त्या तिघांच्या घराचा, फ्रीजवाल्या मुलीचा आणि दूधवाल्याचा. चौघांना आधी फोन करून सांगितलंय. दूधवाला म्हणाला, "पाठवा ताई, पण या खेपेला खरं काय ते लिहा."

---

शब्दवेल्हाळ

"दिनांक १" गेला आणि "१ तारखेपासून" आलं, फार छान. एकच बारीक सूचना: "हे काम कॉम्प्युटर करणार आहे" या वाक्यानंतर फोन करणाऱ्या मुलीचं काय होणार ते लोक विचारतील. तिचं नाव घेऊन एक ओळ लिहा.

---

तालीमवाली

ती कुठेही जात नाहीये. "आठवण नको" हे निरोप तीच वाचणार आहे आणि ऑटोपे रद्द करायला शेजारी तीच बसणार आहे. ओळ घालते.